पुण्याची कंपनी टीडीएस कापते, मग मार्चमध्ये अजून काय भरायचं?

"सर, मी बेळगावच्या अनगोळचा, मेकॅनिकल इंजिनियर आहे, घरूनच कॅड डिझाइनची कामं करतो. २०२५-२६ मध्ये पुण्याच्या एका कंपनीकडून ६ लाख होतील, ते १० टक्के टीडीएस कापतात. उद्यमबागच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांकडून ६ लाख आणि जर्मनीच्या क्लायंटकडून २० लाख. मित्र म्हणतो टीडीएस कापतायत ना, मग अॅडव्हान्स टॅक्स कशाला, रिटर्न भरताना काय ते भर. तोवर पैसे एफडीत ठेवू का?"

ठेवा की, पण १५ मार्चपर्यंतच, त्याच्या पुढं ठेवलात तर तोटा तुमचाच.

मित्राचं चुकतंय ते इथं, की टीडीएस कापणारा तुमचा क्लायंट एकच आहे. जर्मनीवाला आपला टीडीएस कापणार नाही. उद्यमबागवाल्यांचंही बघा, एका क्लायंटचं वर्षाचं बिल ५० हजारांच्या आत असेल तर कापायची गरजच नाही, आणि मालक एकटाच धंदा करत असेल नि त्याची आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या आत असेल तरी त्याच्यावर ती जबाबदारी येत नाही. म्हणजे ३२ लाखांतल्या २६ लाखांवर कुणी काहीच कापलेलं नाही, आणि टॅक्स मात्र सगळ्यावर.

आता हिशेब. इंजिनियरिंग इन्कम टॅक्सच्या कलम ४४एडीएमध्ये बसतं, तुमची जमा ५० लाखांच्या आत आहे, त्यामुळं निम्मी रक्कम नफा धरून चालतं, खर्चाची बिलं जपत बसायला नको. ३२ चे निम्मे १६ लाख. नव्या रिजीममध्ये त्यावर १,२०,००० टॅक्स, वर ४ टक्के सेस, एकूण १,२४,८००. पुण्याचे ६०,००० वजा केले की ६४,८०० उरतात. टीडीएस वजा करून १० हजार किंवा जास्त टॅक्स उरत असेल तर अॅडव्हान्स टॅक्स लागतोच, मग क्लायंट किती का कापेना.

जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार हप्ते ऐकून लोक घाबरतात, पण ते पूर्ण हिशेब ठेवणाऱ्यांना. ४४एडीएवाल्यांना सगळा टॅक्स एकाच वेळी, १५ मार्चपर्यंत भरता येतो. म्हणून तर म्हटलं एफडी करा, पण मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपेल अशी.

समजा मित्राचं ऐकून जुलैच्या शेवटी भरलात, तर १५ मार्च चुकल्याबद्दल १ टक्का म्हणजे ६४८ रुपये, आणि एप्रिलपासून दर महिन्याला १ टक्का, चार महिन्यांचे २,५९२, मिळून ३,२४० व्याज. तेवढ्याच साडेचार महिन्यांत ७ टक्क्यांच्या एफडीनं साधारण १,७०० दिले असते, त्यातलेही २० टक्क्यांच्या वर टॅक्समध्ये गेले असते. १६ मार्च ते ३१ मार्चमध्ये भरलात तर फक्त ते ६४८ लागतात, एप्रिलचं मीटर चालू होत नाही. (एफडीचं व्याजही उत्पन्नात धरायचं हां, त्यानं टॅक्स थोडा वाढेल.)

भरायचं incometax.gov.in वर, e-Pay Tax मध्ये, Advance Tax (100) निवडून. Assessment Year मात्र 2026-27 निवडा. घाईत चालू वर्ष बघून लोक 2025-26 टाकतात, मग पैसे गेलेले असतात पण या रिटर्नमध्ये दिसत नाहीत आणि ते चलन दुरुस्त करून घेण्यात वेळ जातो.

त्याआधी एक काम करा, फेब्रुवारीतच तुमच्या नावावर जमा झालेला टीडीएस दाखवणारं 26AS उघडून पुण्याच्या कंपनीनं खरंच १० टक्के कापलंय का बघा. काही अकाउंटंट याला तांत्रिक सेवा धरून २ टक्केच कापतात, तसं असेल तर टीडीएस १२,००० आणि तुमचे उरतात १,१२,८००. आणि कंपनीनं कापायलाच हवं होतं पण न कापता पैसे दिले, तर "त्यांची चूक" म्हणून तो टॅक्स तुमच्या अॅडव्हान्समधून वजा धरता येत नाही, तुम्हीच भरायचा. मार्च तिमाहीचा टीडीएस दिसायला उशीर लागतो, कंपनीच्या रिटर्नची मुदतच ३१ मेपर्यंत असते, त्यामुळं मार्चच्या बिलाची कॉपी नि बँक एंट्री जपून ठेवा, जूनमध्ये परत 26AS बघा, आणि तरी दिसलं नाही तर रिटर्न भरायच्या आधी त्यांच्याकडं टीडीएसचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म १६ए मागा.

बाकी ३२ लाखांची जमा म्हणजे २० लाखांची जीएसटी मर्यादा ओलांडली, जर्मनीचे पैसेही त्यात धरतात, नोंदणी केली नसेल तर सीएला आजच फोन लावा.