पर्टमधला ‘अपेक्षित कालावधी’

प्रश्न : इंदुरात आमच्या घराचं बांधकाम सुरू होणार आहे. ठेकेदाराच्या इंजिनिअरने पर्ट पद्धतीने वेळापत्रक करून ‘अपेक्षित कालावधी ९४ दिवस’ असं लिहिलंय. म्हणजे ९४ दिवसांत काम होईल, अशी अपेक्षा धरायची ना? की इथे ‘संभाव्य कालावधी’ हवं होतं?

उत्तर : अपेक्षा धरा, पण निम्मीच. हा ‘अपेक्षित’ संभाव्यताशास्त्रातून आलेला आहे आणि तिथे त्याचा अर्थ सरासरी एवढाच. ९४ दिवसांत काम पुरं होण्याची शक्यता साधारण ५० टक्के, म्हणजे छापा की काटा.

पर्ट १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तयार झालं. प्रत्येक कामाला किती दिवस लागतील याचे तिथे तीन अंदाज घेतात : सगळं सुरळीत झालं तर a, बहुतेक वेळा लागतील तेवढे m, आणि सगळंच बिनसलं तर b. त्यांतून अपेक्षित कालावधी (a + 4m + b) / 6 आणि प्रमाण विचलन (b − a) / 6 असं काढतात.

तुमचे आकडे माझ्यासमोर नाहीत, म्हणून बेरीज ९४ येईल असं एक उदाहरण घेतो. एकामागून एक होणारी तीन कामं आहेत. पायाला १२, १५, २४ दिवस. कॉलम, बीम आणि स्लॅबला ३०, ३६, ५४. वीटकाम व प्लास्टरला ३२, ३८, ५६. प्रत्येक वेळी b हा m पासून a पेक्षा बराच लांब आहे, आणि ते खरंच तसं असतं. स्लॅबखालचं सेंटरिंग ठरलेल्या दिवसांआधी काढता येत नाही, त्यामुळे घाई करून वाचणारे दिवस थोडेच. उलट माळव्याच्या काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खोदत जावं लागलं, किंवा रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीच्या आसपास मजूर गावाला गेले, की दिवस भराभर वाढतात.

सूत्रात घातलं की अपेक्षित कालावधी १६, ३८ आणि ४० येतात, बेरीज ९४. विचलनं २, ४ आणि ४. यांची थेट बेरीज करून १० लिहिणं ही नेहमीची चूक. आधी वर्ग करून व्हेरिअन्स मिळवायचे, ४ + १६ + १६ = ३६, आणि मग वर्गमूळ घ्यायचं : ६ दिवस. आता ठेकेदाराने १०० दिवसांचा शब्द दिला, तर ते अपेक्षित कालावधीपासून किती विचलनं दूर आहेत हे Z सांगतो :

Z = (100 − 94) / 6 = 1

आणि नॉर्मल वितरणाच्या कोष्टकात याला ८४ टक्के मिळतात. ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ९४ + १.६४५ × ६, म्हणजे १०४ दिवस धरावे लागतील.

आता ‘संभाव्य’कडे येऊ. पर्टमध्ये हा शब्द आधीच m ने अडवलेला आहे, ‘सर्वाधिक संभाव्य’ या रूपात. शाळेतल्या भाषेत m हा बहुलक आणि अपेक्षित कालावधी हा मध्य. तिन्ही m ची बेरीज १५ + ३६ + ३८ = ८९. मात्र ८९ दिवसांचा Z उणे ०.८३ येतो आणि शक्यता जेमतेम २० टक्के. प्रत्येक काम सुटं धरलं तर ‘बहुधा इतकेच दिवस’ हे बरोबर असतं, पण त्याच आकड्यांची बेरीज मात्र पाचातून चारदा चुकते. म्हणून इथे ‘संभाव्य’ लिहिलं तर अर्थाचा घोटाळा वाढेलच.

८४ टक्क्यांवरही डोळे मिटून विसंबू नका. तीन-चार कामांच्या बेरजेला नॉर्मल मानणं ढोबळच आहे. शिवाय व्हेरिअन्सची बेरीज करताना एका कामाच्या उशिराचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं गृहीत धरलेलं असतं. तोच मिस्त्री, तेच मजूर आणि तोच वाळूचा पुरवठा तिन्ही कामांना असेल, तर उशीर एकत्रच येतो. टोकाला विचलन खरोखरच १० होतं, Z ०.६ वर उतरतो आणि शक्यता ७३ टक्क्यांवर. दुसरी गोष्ट म्हणजे समांतर साखळी. समजा बोअरवेल, टाकी आणि नळजोडणीची वेगळी साखळी ९२ दिवसांची, विचलन ८. तीही १०० दिवसांत संपण्याची शक्यता ८४ टक्केच. दोन्ही स्वतंत्र असल्या, तर दोन्ही वेळेत संपण्याची शक्यता ०.८४ × ०.८४, म्हणजे ७१ टक्के. पर्ट फक्त सर्वांत लांब साखळी, म्हणजे क्रिटिकल पाथ, बघतं आणि हे त्याच्या नजरेतून सुटतं.

तेव्हा ‘अपेक्षित कालावधी’ हीच संज्ञा ठेवावी. मात्र करारात ती एकटी नको. असं लिहून घ्या : ‘अपेक्षित कालावधी ९४ दिवस, प्रमाण विचलन ६ दिवस, मुदत १०४ दिवस.’ दंडाची तारीख या शेवटच्या आकड्यावरून मोजा. १ मार्चला काम सुरू झालं, तर ती १२ जून येते आणि माळव्यात पाऊस साधारण त्याच सुमाराला येऊन ठेपतो. म्हणून बाहेरच्या प्लास्टरचा b इंजिनिअरने पाऊस धरून काढलाय का, हे त्याला आधीच विचारा.