वडिलांच्या पुण्यानुमोदनाला भंतेजींना दान काय द्यायचं, कधी द्यायचं? (सोलापूर)

आधी टाइम बघा, बाकी सगळं नंतर. भंतेजी दुपारी १२ नंतर जेवत नाहीत, त्यामुळे कार्यक्रम १० लाच सुरू करा आणि भोजनदान ११ ला. आमच्या आत्याच्या वेळी श्रद्धांजलीची भाषणं लांबत गेली, पावणेबारा झाले तरी माइक कुणी सोडेना, मग भंतेजींनी चार घास घाईघाईत खाल्ले, घरच्यांना फार वाईट वाटलं. भाषणं जेवणानंतर ठेवा ना.

दानात चीवर म्हणजे भंतेजींचं अंगावरचं वस्त्र, नाहीतर साबण, टॉवेल, औषधं असं रोज लागणारं काहीही चालतं. आपल्याकडे लोक हौसेनं सोलापुरी चादर देतात, द्या की, पण ती चीवर नव्हे. वस्तू समोर ठेवून निघून जायचं नाही, दोन्ही हातांनी हातात द्यायची. पैशाला विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, मनाई आहे, म्हणून पाकीट विहाराच्या माणसाकडे द्या.

शेवटी जलदान. घरचे सगळे एका तांब्याला हात लावून ताटातल्या वाटीत बारीक धार सोडतात, भंतेजी पाली गाथा म्हणतात, वाटी भरून पाणी ताटात सांडायला लागतं, म्हणजे पुण्य वडिलांपर्यंत पोचतं ही भावना. ते पाणी झाडाच्या मुळाशी घाला.