दोन्ही वेळा खरं वाटेल असा ट्विस्ट

प्रश्न: मी १२ मिनिटांची शॉर्ट फिल्म करतोय, शेवटी ट्विस्ट आहे. क्लू कसे पेरू म्हणजे आधी कळणार नाही, पण दुसऱ्यांदा बघताना फसवलं असंही वाटणार नाही?

मी वेंगुर्ल्याजवळ अशीच एक फिल्म केलीय, जिथे चुकलो ते पण सांगतो. गोष्ट अशी की म्हातारा-म्हातारी दोघंच घरात, म्हातारी रोज मुलासाठी तिसरं ताट मांडते आणि म्हातारा तिला म्हणतो, ‘येतलो गो, बस तू.’ मुलगा कधीच बुडून गेलाय हे आपल्याला हळूहळू कळतं आणि वाटतं की म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, तो बिचारा तिला सांभाळून घेतोय. खरं उलटं आहे. विसर पडलाय त्याला, आणि ताट नाही दिसलं की तो कासावीस होतो म्हणून ती मांडते.

सगळ्यात आधी स्क्रिप्टच्या बाजूला एक रकाना करा आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहा की बोलणाऱ्याला त्या क्षणी काय माहीत आहे आणि तो हे का बोलतोय. ‘येतलो गो’ इथे पास होतं, कारण त्याला खरंच तसं वाटतं. पण माझ्या पहिल्या कटमध्ये म्हातारी चुलीपाशी एकटीच पुटपुटायची, ‘अजून इलो नाय.’ मला तेव्हा हे फार भारी वाटलेलं. आत्याने फिल्म दुसऱ्यांदा बघितली आणि सरळ विचारलं, ‘एकटीच असताना ती कोणाक फसयत होती?’ उत्तर नव्हतं माझ्याकडे, कारण ती फक्त प्रेक्षकाला फसवत होती. वाक्य काढलं. तुमच्या फिल्ममध्येही पात्र एकटं असतानाचे सीन आधी तपासा, चीटिंग बहुतेक तिथेच सापडते.

दुसरं म्हणजे क्लू कटने लपवू नका. आमचा मुख्य क्लू गोळी होता, औषध कोण घेतं हा. आधी मी गोळी हातात दाखवून कट मारलेला, ती गिळतं कोण हे दाखवलंच नाही, आणि दुसऱ्यांदा बघणाऱ्याला लगेच कळतं की दिग्दर्शकाने मुद्दाम तोंड फिरवलं. मग पडवीत एकच वाइड शॉट घेतला. डावीकडे बाकड्यावर म्हातारा, म्हातारी त्याच्या तळहातावर गोळी ठेवते, तो गिळतो, पाणी पितो, सगळं फोकसमध्ये, चांगले चार सेकंद. पण त्याच वेळी उजवीकडे खळ्यात सुकी मासळी विकणारी बाई येऊन मोठ्याने भाव करतेय आणि म्हातारी मान वळवून तिच्याशी घासाघीस करतेय. नजर जो हलतोय-बोलतोय त्याच्याकडे जाते. फ्रेममध्ये सगळं आहे, फक्त लक्ष दुसरीकडे आहे, आणि हे फेअर आहे कारण बघणाऱ्याला ते बघायची पूर्ण संधी होती. हा शॉट तिसऱ्या मिनिटाला ठेवला, तेव्हा प्रेक्षक अजून घर-माणसं ओळखत असतो, महत्त्वाचं काय ते त्याला ठरवता येत नाही. तोच नवव्या मिनिटाला ठेवून बघितला तर सगळ्यांनी पकडला.

आता आपल्याकडची एक गंमत. म्हातारा समुद्राकडे बघून म्हणतो, ‘आज होडी येतली,’ आणि मागे सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या. महिना जुलै. आपल्याला माहीत असतं की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, पुण्यातल्या मित्रांना ते बॅकग्राउंडच वाटलं आणि शेवटी कोणीतरी समजावल्यावर ते चिडले, की हे आम्हाला कसं कळणार? बरोबर होतं त्यांचं. जो क्लू कळायला बाहेरची माहिती लागते त्याच्यावर ट्विस्ट टेकवायचा नाही, नाहीतर ती माहिती फिल्ममध्येच कोणाच्या तरी गरजेतून बोलली गेली पाहिजे. म्हणून त्याच मासेवालीला वाक्य दिलं, ‘ताजे खंयसून हाडू, होडये बंद आसत!’ तिला तिचा भाव टिकवायचाय, तिकडे पुणेकराला बंदी कळते आणि गोळीवरचं लक्षही उडतं.

टेस्ट करताना फिल्म माहीत नसलेली सात-आठ माणसं बसवा, रिव्हीलच्या आधी पॉज करा आणि ‘ट्विस्ट ओळखलात का’ असं विचारू नका, त्याने ती शोधायलाच लागतात. मी विचारलं, ‘या घरात आजारी कोण?’ निम्म्याहून जास्त जण म्हातारा म्हणाले तर क्लू जड झालाय, मासेवालीचा आवाज वाढवा किंवा गोळीचा वेळ कमी करा. नंतर पुन्हा पूर्ण दाखवा आणि नुसते चेहरे बघा, कुठे ‘अरे हो’ येतं आणि कुठे कपाळाला आठी पडते. आठी पडली तिथे रकाना परत उघडायचा.

आणि शेवटी जुने शॉट परत दाखवणारा फ्लॅशबॅक आम्ही काढून टाकला. त्याऐवजी तीच पडवी, कॅमेरा त्याच जागी, तेच बाकडं, पण खळं रिकामं. ती गोळी देते, तो गिळतो आणि मुलाबद्दल विचारतो, ‘झील इलो काय?’ मासेवालीचा शॉट आठवायला प्रेक्षकाला तेवढं पुरतं.