टंग ट्विस्टर नुसते भरभर म्हणून घेऊ नका, ‘ल’ आणि ‘ळ’ची जोडी घ्या

प्रश्न: आमच्या नाट्यगटाच्या कार्यशाळेत नटांच्या उच्चारांच्या वॉर्मअपवर मला दहा मिनिटं बोलायचंय. टंग ट्विस्टर कोणते घेऊ आणि ते कसे करून घेऊ?

दहा मिनिटांत एकच जोडी घ्या. मी ‘ल’ आणि ‘ळ’ घेईन, कारण प्रयोगात घाईच्या संवादात ‘ळ’ हमखास घसरतो.

आधी दोन-तीन मिनिटं तोंड मोकळं करायचं. जबडा सैल सोडून हलवायचा, ओठ फुरफुरवायचे आणि जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागून टाळूवर जमेल तितकं मागे सरकवायचं. शेवटचा व्यायाम नीट करून घ्या, कारण तीच वाट पुढे लागणार आहे. ‘ल’ला टोक दातांमागे टेकतं. ‘ळ’ला ते वर वळून मागे जातं आणि टाळूला शिवून झटकन पुढे येतं. पेन दातांत धरून बोलायची पद्धत मला पटत नाही. त्याने जबडा आवळतो आणि आपल्याला तो सैल हवा असतो.

मग जोड्या सावकाश म्हणवून घ्या: काल-काळ, माल-माळ, गाल-गाळ, मूल-मूळ. लगेच वाक्यात आणा: ‘त्याने चाल बदलली’, ‘त्याने चाळ बदलली’. पहिल्यात डाव बदलला, दुसऱ्यात बिऱ्हाड. दोघांना पाठीला पाठ लावून उभं करा. एकाने यातलं कुठलंही वाक्य कुजबुजत म्हणायचं, दुसऱ्याने ऐकलेला शब्द सांगायचा. कुजबुजीत आवाजाचा आधार नसतो, त्यामुळे जीभ आळसावली की चूक लगेच कळते.

एवढं झाल्यावर टंग ट्विस्टर. ‘काळे राळे, गोरे राळे’ सगळ्यांना पाठ असतं, पण त्यात ‘ल’ फक्त शेवटच्या ‘मिसळले’मध्ये आहे, म्हणून मी एक बनवलंय: ‘काल काळ्या माळ्याने मालाची माळ केली.’ ल, ळ, ळ, ल, ळ, ल. पहिल्यांदा शब्दागणिक थांबत, मग बोलण्याच्या वेगात, मग त्याहून जलद. जिथे ‘माळ केली’चं ‘माल केली’ होतं, तिथेच वेग थांबवायचा आणि तिथून एक पायरी खाली उतरून पुन्हा म्हणायचं. नवखे नट उलट करतात, चूक झाली की आणखी जोरात रेटतात. मग ‘ळ’ इतका जड होतो की ‘माड’ ऐकू येतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवा, सांगावं लागत नाही.

एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. भूमिका वऱ्हाडी माणसाची असेल तर तिथे ‘काळा’चा ‘काया’ होतो, आणि तो तसाच यायला हवा. हा व्यायाम त्याची बोली पुसायला नाही. ‘ळ’ मुद्दाम सोडायचा, तर तो आधी हवा तेव्हा काढता आला पाहिजे.