कैवल्य म्हणजे मीलन नव्हे

‘आमच्याकडं सप्ताहात कीर्तनकार म्हणाले, प्रकृती-पुरुषाचं मीलन म्हणजेच मोक्ष. मग इथं पुरुष म्हणजे नवरा आणि प्रकृती म्हणजे बायको असंच धरायचं का?’

नाही. आणि हे ‘मीलन’ आता पुरे झालं! पुरुष आणि प्रकृती हे शब्द सांख्य या प्राचीन दर्शनाचे, आणि सांख्यांच्या मते या दोघांचा संयोग हेच दुःखाचं मूळ आहे, मोक्ष आहे तो दोघांच्या वेगळेपणाच्या ज्ञानात. पुरुष म्हणजे नुसती पाहणारी जाणीव. बाईमाणूस असो की गडी, प्रत्येकाचा पुरुष निराळा. प्रकृती म्हणजे सत्त्व, रज, तम या तीन गुणांची जड घडण, आणि आपली बुद्धी, अहंकार, मन हेही तिच्यातच मोडतात.

या मोक्षाला सांख्य ‘कैवल्य’ म्हणतात, आणि खरी गंमत त्या शब्दातच आहे. तो आपल्या रोजच्या ‘केवळ’चा सख्खा भाऊ: मूळ शब्द ‘केवल’, त्याचं भाववाचक नाम कैवल्य. म्हणजे केवळपणा, बाकी काही न मिसळलेलं असणं. ज्या शब्दातच एकटेपण आहे, त्याचा अर्थ मीलन कसा होईल? माझं ठाम मत आहे की हा घोळ ‘अमृतानुभवा’तून झिरपला. आपेगावच्या ज्ञानदेवांनी तिथं शिव-शक्तीचं दांपत्य गायलं, पण ते अद्वैत आहे. ते दांपत्य उचलून सांख्यांच्या घरात बसवायचं नसतं.

आता दुःख कुणाला होतं ते पाहा. समजा, परळीकडं काढणीला आलेला हरभरा गारपिटीनं आडवा झाला. डोळ्यांनी शेत टिपलं, मनानं ते जुळवलं, अहंकार म्हणाला ‘माझा हरभरा’, आणि बुद्धीनं दुःखाचा आकार घेतला. इथवर सगळं प्रकृतीतच घडलं. पण बुद्धी पुरुषाच्या सान्निध्यात उजळलेली असते, म्हणून ती स्वतःच जाणती वाटते आणि तिचं दुःख पुरुषाचं वाटू लागतं. या गल्लतीला सांख्य अविवेक म्हणतात. ईश्वरकृष्णांची ‘सांख्यकारिका’ हा सांख्यांचा मुख्य श्लोकग्रंथ 62व्या कारिकेत, म्हणजे श्लोकात, स्पष्ट सांगतो: पुरुष बांधला जात नाही, सुटतही नाही, बांधली जाते आणि सुटते ती प्रकृतीच.

विज्ञानभिक्षूंनी 16व्या शतकात सांख्याचा वेदान्ताशी मेळ घालायचा खटाटोप केला. त्यांची विद्वत्ता मान्य, पण हा मेळ मला मुळीच पटत नाही. कारिकेला जगाची मांडणी करताना ईश्वर लागत नाही, आणि मुक्त झालेले पुरुष कशात विरघळतही नाहीत.

विवेक, म्हणजे पुरुष-प्रकृतीच्या वेगळेपणाचं ज्ञान, झाला म्हणजे गारा थांबतात किंवा माणूस तिथंच देह ठेवतो, असंही नाही. कुंभारानं हात काढला तरी चाक जुन्या वेगानं फिरत राहतं, तसं संस्कारांच्या जोरावर शरीर चालू राहतं. हरभऱ्याचं नुकसान बुद्धीत उमटतंच, फक्त ‘माझं’ हा शिक्का बसत नाही. पुरतं, पुन्हा न मोडणारं कैवल्य 68वी कारिका देह पडल्यावरच सांगते.