‘साभार’ लिहिलं की भागतं का?

*‘रत्नागिरीजवळच्या भाट्ये आणि काळबादेवी खाडीतल्या तिसऱ्या या शिंपल्यांवर मराठीत लेख लिहितेय. एका शोधनिबंधातला नकाशा घेऊन त्यावर माझी नमुने गोळा केलेली ठिकाणं टाकली आहेत. दुसऱ्यातल्या तक्त्याचे दोन रकाने गाळले आहेत. खाली ‘पुनर्मुद्रित’ लिहू, ‘रूपांतरित’ लिहू, की दोन्हीकडे नुसतं ‘साभार’ चालेल?’*

‘साभार’ने आभार पोचतात, पण वाचकाला हवं ते कळत नाही. नकाशावरचा कुठला ठिपका मूळ लेखकाचा आणि कुठला तुमचा, हे त्याला समजायला हवं. उद्या तुमचं एखादं ठिकाण चुकलं, तर दोष मूळ लेखकाच्या माथी जाईल.

तुमच्या दोन्ही गोष्टी बदललेल्या आहेत, त्यामुळे ‘पुनर्मुद्रित’ इथे बसत नाही. ‘रूपांतरित’ चुकीचं नाही, पण त्याने कथेचं नाटक झाल्यासारखं वाटतं. मी ‘फेरफारांसह’ लिहीन आणि लगेच फेरफार सांगेन:

आकृती २. भाट्ये व काळबादेवी खाड्या. मूळ नकाशा: (लेखक, वर्ष), आकृती १, फेरफारांसह. नमुन्यांची ठिकाणे प्रस्तुत लेखिकेची.

तक्त्याखालीही असंच लिहा: ‘दोन रकाने वगळले आहेत’. इंचांचे मिलिमीटर केले किंवा आकडे पूर्णांकात आणले, तरी तो फेरफारच. नुसता टाइप बदलला किंवा आकृती लहान केली, तर मात्र ती ‘जशीच्या तशी’च राहते. तक्त्यातले आकडे घेऊन तुम्ही स्वतः नवा आलेख काढलात, तर दोन्ही शब्द नकोत, ‘आकडे: (लेखक, वर्ष), आलेख: लेखिका’ एवढं पुरे.

‘परवानगीने’ हा शब्द परवानगी हातात असेल तरच लिहावा. पुष्कळदा हक्क लेखकाकडे नसून प्रकाशकाकडे असतात, म्हणून लेखकाने ईमेलवर ‘खुशाल वापरा’ म्हटलं तरी ते पुरेसं ठरेलच असं नाही. आणि चार रेषा बदलल्या म्हणून परवानगीची गरज संपत नाही. निबंधावर CC BY हा खुला परवाना असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. नाव, परवाना, मूळ लेखाचा दुवा आणि केलेले बदल नोंदवायचे. पण CC BY-ND असेल, तर बदललेला नकाशा त्या परवान्याखाली छापता येत नाही. मग मूळ नकाशा जसाच्या तसा द्या, नाहीतर हक्कधारकाला विचारा.

अजून एक, कारण नकाशांच्या बाबतीत हे फार होतं. तुम्ही ज्या निबंधातून नकाशा घेतला, त्यातल्या आकृतीखालची ओळ नीट वाचा. तिथेच ‘अमुकच्या नकाशावर आधारित’ असं असेल, तर श्रेय त्या पहिल्या नकाशालाही द्यावं लागेल. शिवाय निबंधाचा परवाना खुला असला, तरी दुसरीकडून आणलेली ती आकृती त्यात येतेच असं नाही. अशा वेळी पहिल्या नकाशाचे हक्क कुणाकडे आहेत ते शोधून तिथेच विचारायला हवं.