वीस अक्षरांची मर्यादा आणि हरवलेला काना

> सभासदांची नावे `s[:20]` ने कापून कार्डावर छापतो. काही नावांच्या शेवटी पाय मोडलेले अक्षर राहते आणि उरलेला भाग खालच्या ओळीत घेतला तर सुरुवातीला ठिपक्यांचे वर्तुळ येते. ‘सोलापूर’ चार अक्षरी शब्द, पण `len` सात सांगते. फॉन्ट बदलून पाहिला, फरक नाही. काय करावे?

फॉन्टचा यात दोष नाही, त्यामुळे त्याच्यावर आणखी वेळ घालवू नका. पाय मोडलेले अक्षर आणि ठिपक्यांचे वर्तुळ या दोन खुणा आपल्याला दिसत आहेत, हे मी आपले नशीब समजतो, कारण मला ज्या चुकीने सर्वाधिक मनस्ताप दिला ती डोळ्यांना दिसतच नव्हती.

काही वर्षांपूर्वी सोलापुरातील विडी कामगार महिलांच्या एका पतसंस्थेची सभासद यादी मी तयार करून देत होतो. ती एका कार्यालयाकडे पाठवायची होती आणि तेथून ओळखपत्रे छापून येणार होती. सूचनापत्रकात ‘नाव : कमाल २० अक्षरे’ एवढेच लिहिले होते. मी अक्षर म्हणजे अक्षर असे धरून चाललो, म्हणजे शाळेत बाराखडी शिकताना जे धरतो ते. यादीतील एक नाव, आडनाव बदलून, असे होते : ‘श्रीमती गायकवाड विमला’. मधल्या दोन मोकळ्या जागा धरून ही १३ अक्षरे होतात. मर्यादा वीसची असल्यामुळे मी निश्चिंत होतो.

त्यांची प्रणाली मात्र कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडमधील एकेक सुटे चिन्ह, मोजत होती. ‘श्रीमती’चे श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, म, त आणि पुन्हा दीर्घ वेलांटी असे सात, ‘गायकवाड’चे सात, ‘विमला’चे पाच आणि दोन मोकळ्या जागा मिळून २१ होतात. विसाव्यावर कात्री चालली आणि एकविसावा कोड पॉइंट, म्हणजे शेवटचा काना, गळून पडला. हाती राहिले ‘श्रीमती गायकवाड विमल’. शेवटी हलन्त नाही, वर्तुळ नाही, काहीही तुटलेले दिसत नाही, कारण विमल हेही एक चांगले प्रचलित नाव आहे. दुर्दैवाने यादीत खरोखरीच्या एक श्रीमती गायकवाड विमल होत्याच. त्यांचे नाव बरोबर वीस कोड पॉइंटचे होते. दोन्ही नोंदी एकसारख्या झाल्या आणि आमच्या विमलाबाईंची नोंद ‘दुबार’ म्हणून रद्द झाली.

मी त्या कार्यालयात चार खेपा घातल्या. खिडकीपलीकडील गृहस्थांनी प्रत्येक वेळी तेच सांगितले : ‘तुमच्या फाइलमध्ये जे आहे तेच आम्ही घेतो, आमच्याकडे काना-मात्रेचाही फरक होत नाही.’ फरक नेमका कान्याचाच होता, हे मला चौथ्या खेपेनंतर घरी आल्यावर सुचले. शेवटी ‘श्रीमती’ काढून नोंद पुन्हा पाठवली, तेव्हा नाव १३ कोड पॉइंटचे झाले आणि कार्ड आले. तोपर्यंत तीन महिने गेले होते. असो.

आता आपल्या कामाकडे येतो. काप अक्षराच्या मधोमध गेला की नाही हे ओळखण्यासाठी कापलेल्या तुकड्याच्या शेवटाकडे नव्हे, तर मूळ नावात कापाच्या लगेच पुढे काय होते याकडे पाहावे. पुढचे चिन्ह काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त असेल, किंवा मागचे चिन्ह हलन्त असेल, तर अक्षर तुटले आहे :

```python
import unicodedata

def tutle(s, n):
    if len(s) <= n:
        return False
    return (unicodedata.category(s[n]) in ("Mn", "Mc")
            or s[n-1] == "\u094d")
```

ही तपासणी आपल्या जुन्या संपूर्ण यादीवर एकदा चालवा. आपण डोळ्यांनी पकडलेल्या नावांपेक्षा बरीच अधिक नावे निघतील असा माझा अंदाज आहे. त्यातल्या ज्या नावांचा फक्त काना किंवा वेलांटी गेली आहे, ती कार्डावर शुद्ध दिसत असणार.

येथे कोणीतरी ‘नॉर्मलाइझ करून घ्या’, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलेले असेल तर ते एका ठरावीक रूपात आणा, असा सल्ला देईलच. त्याने ही अडचण सुटत नाही. युनिकोडमध्ये ‘ला’ या अक्षरासाठी एकच कोड पॉइंट नाही, त्यामुळे एनएफसी या शक्य तेथे चिन्हे जोडणाऱ्या रूपातही ल आणि काना वेगळेच राहतात. एनएफसीचा उपयोग ‘ऱ’सारख्या ठिकाणी होतो, जिथे र आणि नुक्ता मिळून एक कोड पॉइंट होतो. ते तुलनेसाठी अवश्य करा, मोजण्यासाठी त्यावर विसंबू नका.

मोजण्यासाठी ग्राफीम क्लस्टर, म्हणजे वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणारा चिन्हांचा गट, हे एकक घ्यावे लागते. पायथनच्या अंगभूत `re` मध्ये त्याची सोय नाही, `regex` हे वेगळे मॉड्यूल बसवून `\X` वापरावे लागते. परंतु जोडाक्षरांबाबत एक मेख आहे. युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे हलन्तानंतर क्लस्टर संपतो, म्हणजे ‘श्री’चे ‘श्’ आणि ‘री’ असे दोन तुकडे पडतात. देवनागरी जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम २०२३ मध्ये १५.१ या आवृत्तीत आला. आपल्या संगणकावर कोणता नियम चालतो ते `regex.findall(r"\X", "श्री")` एक तुकडा देते की दोन, यावरून लगेच कळेल. मी मात्र आवृत्तीच्या भरवशावर न राहता तुकडे स्वतःच जोडून घेतो :

```python
import regex

def akshare(s):
    out = []
    for g in regex.findall(r"\X", s):
        if (out and g[0].isalpha() and
            out[-1].endswith(("\u094d", "\u094d\u200d"))):
            out[-1] += g
        else:
            out.append(g)
    return out
```

यातला `\u200d` हा न दिसणारा जोडक आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही जण त्याच्या साह्याने टंकतात. हे मी फक्त देवनागरीवर आणि आपल्या भागातील नावांवर पडताळले आहे, इतर लिप्यांबद्दल माझा दावा नाही.

कार्डावर नाव मावते का, हा प्रश्न मात्र याने सुटत नाही, कारण ‘र’ आणि ‘क्ष्मी’ दोन्ही एकेकच अक्षरे असली तरी त्यांची रुंदी सारखी नसते. त्यासाठी छापायच्या फॉन्टमध्येच रुंदी मोजा आणि नाव मावत नसेल तर फॉन्ट लहान करा किंवा दोन शब्दांच्या मध्ये ओळ तोडा. माणसाचे नाव कापूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. अक्षर अखंड ठेवून कापले तरी ‘विमला’चे ‘विम’ होते, आणि त्यात कसला शहाणपणा? मर्यादा ओलांडणारी नोंद अडवून ठेवावी आणि काय गाळायचे ते माणसाला विचारावे.

यादी दुसऱ्या कोणाच्या प्रणालीत जाणार असेल, तर त्यांना ‘अक्षर म्हणजे काय’ असे विचारण्यात अर्थ नाही, हे मी चार खेपांनंतर सांगतो. नावाच्या रकान्यात ‘का’ हे अक्षर सलग पंचवीस वेळा लिहिलेली एक चाचणी नोंद पाठवा आणि परत काय येते ते मोजा. वीस ‘का’ आले तर ते खरोखर अक्षरे मोजतात, दहा आले तर कोड पॉइंट मोजतात. तीनच ‘का’ आले, त्यापुढे एखादे निरर्थक चिन्ह असो वा नसो, तर ते बाइट मोजतात, कारण यूटीएफ-८ मध्ये क आणि काना प्रत्येकी तीन बाइट घेतात. तसे असल्यास ‘विमला’ हे एकटे नावच १५ बाइट खाते आणि आडनावाला पाच उरतात, त्यामुळे तो रकाना मराठीसाठी नाहीच असे समजून त्यांच्याकडून मर्यादा वाढवल्याचे लेखी घेतल्याशिवाय यादी पाठवू नका.